लोड काढला की बॅटरीचा व्होल्टेज वर का चढतो, आणि कितव्या मिनिटाचं रीडिंग खरं मानायचं?

सोलापुरात मार्च उजाडला की एक तक्रार हमखास येते. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर दहा-वीस मिनिटं चालतो, मग टीं-टीं करत बंद पडतो. माणूस मीटर घेऊन बॅटरीला लावतो तर बारा व्होल्टच्या आसपास दाखवतो. बॅटरी चांगली आहे असं ठरवून तो इन्व्हर्टर दुरुस्तीला पाठवतो. इन्व्हर्टर तपासून जसाच्या तसा परत येतो आणि पहिल्याच रात्री पुन्हा तेच होतं.

पुढची लक्षणं तुमच्याकडे असतील तर ही नोंद तुमच्यासाठी आहे:

- लोडखाली बॅटरी भराभर उतरते आणि साडेदहा व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर कटऑफ घेतो.
- बंद झाल्याबरोबर मीटरचा आकडा वर चढू लागतो. अर्ध्या तासानं पाहिलं तर बॅटरी जवळजवळ ठीक वाटते.
- पुन्हा सुरू केला की इन्व्हर्टर चालतो, पण पहिल्यापेक्षा कमी वेळ.
- चार्जिंग थांबवून लगेच मोजलं तर तेरा व्होल्ट, दोन तासांनी साडेबारा, सकाळी त्याहून कमी.

हे सगळे आकडे एकाच बॅटरीचे असू शकतात आणि मीटर एकदाही खोटं बोललेला नसतो. रीडिंगला वेळ जोडलेली नसली की ते निरुपयोगी ठरतं. तपासणीकडे जाण्याआधी आकडा का हलतो हे थोडं समजून घ्या. ते कळलं की किती थांबायचं ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

आत काय घडतं

मी इथे घरगुती इन्व्हर्टरच्या बारा व्होल्टच्या पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे घरात आणि दुकानात बहुतेक तीच असते. लोड चालू असताना व्होल्टेज दोन मुख्य कारणांनी खाली जातो आणि ती दोन्ही वेगवेगळ्या वेगानं मागे हटतात.

पहिलं कारण म्हणजे प्लेटा, जोड आणि अॅसिड यांचा रोध. करंट वाहतो तेवढ्यापुरताच तो दिसतो. लोड काढला की त्याच क्षणी हा भाग भरून निघतो आणि मीटरचा आकडा एकदम उडी मारतो. दीडशे अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीत तीस-पस्तीस अँपिअरवर ही उडी पाव व्होल्टच्या आतबाहेर असते. उडी याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर ते चांगलं लक्षण नाही.

दुसरं कारण अॅसिडचं आहे आणि वेळ लागतो तो त्यालाच. बॅटरी करंट देते तेव्हा प्लेटांच्या बारीक छिद्रांतलं अॅसिड वापरलं जातं. छिद्रांत पातळ पाणी उरतं आणि बाहेर, प्लेटांच्या मधे, जाड अॅसिड तसंच असतं. टर्मिनलवरचा व्होल्टेज छिद्रांतल्या अॅसिडवर ठरतो, म्हणून तो खाली दिसतो. लोड थांबल्यावर बाहेरचं अॅसिड हळूहळू आत झिरपतं. आपल्याकडची बोअर आठवा: मोटर जोरात चालवली की बोअरमधली पातळी खाली जाते, तासाभरानं पुन्हा वर येते, जमिनीतलं पाणी वाढलेलं नसतं, आजूबाजूचं आत आलेलं असतं. बॅटरीतही चार्ज परत येत नाही. जे उरलं आहे ते सारखं पसरतं आणि खरी पातळी दिसू लागते. पुन्हा सुरू केल्यावर इन्व्हर्टर थोडा वेळ चालतो तो यामुळेच.

चार्जिंगनंतर नेमकं उलट होतं. छिद्रांत अॅसिड जाड झालेलं असतं, बाहेर पातळ. म्हणून आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो आणि हळूहळू उतरतो. याला आम्ही वरचा चार्ज म्हणतो. हा उतरायला लोडनंतरच्या चढापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो.

तर थांबायचं किती?

लोड काढल्यावर पहिल्या मिनिटातला आकडा बॅटरीत किती उरलंय हे सांगत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी ढोबळ अंदाज येतो; बॅटरी पार रिकामी आहे की नाही एवढं कळतं. एका तासानंतरच्या आकड्यावर बहुतेक निर्णय घेता येतात. चार तासांनंतरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवतो. बॅटरी बदलायची की नाही असा पैशाचा प्रश्न असेल तर रात्रभर थांबा.

चार्जिंगनंतर किमान बारा तास थांबा, चोवीस मिळाले तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर एक पंखा आणि दोन-चार दिवे, म्हणजे बॅटरीतून साधारण दहा अँपिअर, असा हलका लोड दहा-पंधरा मिनिटं चालवा. त्यानं वरचा चार्ज उतरतो. मग लोड काढून एक-दोन तास थांबा आणि मोजा. हा जुगाड चोवीस तासांच्या विश्रांतीइतका नेमका नसतो, पण रोजच्या कामाला पुरतो.

घड्याळापेक्षा पक्की खूण एकच आहे. अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन रीडिंग घ्या. फरक ०.०१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर बॅटरी अजून स्थिर नाही. जुन्या, सल्फेट धरलेल्या बॅटरीला जास्त वेळ लागतो. थंडीत अॅसिडचं झिरपणं मंदावतं, म्हणून डिसेंबरच्या पहाटे मे महिन्याच्या दुपारपेक्षा जास्त थांबावं लागतं. ही खूण पाळली की ऋतूचा हिशोब आपोआप होतो.

तपासणी: फुकटच्या गोष्टींपासून सुरुवात

*आधी रीडिंगच तपासा.* मीटरमधली बॅटरी उतरली की बरेचसे स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, म्हणून नवा सेल घाला. मीटर डीसीच्या वीस व्होल्टच्या रेंजवर ठेवा. दोन्ही टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, वायरच्या टोकाच्या धातूच्या लगवर किंवा नटावर नाही.

मग बॅटरी खरंच मोकळी आहे का ते पाहा. सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. मेन लाईट आली की इन्व्हर्टर लगेच चार्जिंग सुरू करतो आणि तुमचं थांबणं वाया जातं. लाईट नसतानाही चालू इन्व्हर्टर स्वतःसाठी थोडा करंट खातोच. म्हणून आधी इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करा, मग मेनचा प्लग काढा, मग निगेटिव्हची वायर खांबावरून सोडवा. चार्जिंग चालू असताना वायर कधीही ओढू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि एका ठिणगीत भडका उडू शकतो. चार्जिंग थांबवून, खिडक्या उघडून थोडा वेळ जाऊ द्या, मगच वायरीला हात लावा. ज्यांच्या इन्व्हर्टरला मागे बायपास स्विच आहे त्यांनी तो वापरावा, म्हणजे घरची लाईट चालू राहील.

*मग लोड मोजा.* चालू वस्तूंचे वॅट एका कागदावर मांडा. त्या बेरजेला दहानं भागलं की बॅटरीतून किती अँपिअर जातात याचा जवळपासचा आकडा मिळतो, कारण इन्व्हर्टर स्वतःही काही वीज उष्णतेत घालवतो. ३५० वॅट म्हणजे ३५ अँपिअर. बॅटरीवर लिहिलेले दीडशे अँपिअर-तास वीस तासांच्या हिशोबाचे असतात, म्हणजे साडेसात अँपिअरनं. पस्तीस अँपिअर ओढले तर दीडशेपैकी साधारण दोन-तृतीयांश हाती लागतात. कोणी गुपचूप मिक्सर किंवा फ्रिज इन्व्हर्टरच्या लाईनवर जोडला असेल तर दोष बॅटरीचा नाही आणि पुढचं काही करायची गरजही नाही.

*पाणी आणि जोड पाहा.* पाण्याची पातळी खाली असेल तर प्लेटांचा वरचा भाग उघडा पडतो आणि क्षमता तेवढी घटते. फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. उजनीचं नळाचं पाणी, बोअरचं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार आतच राहतात. पाणी घातल्यावर लगेच मोजू नका, आधी पूर्ण चार्ज होऊ द्या.

जोडासाठी लोड चालू ठेवून मीटरचं एक टोक खांबावर आणि दुसरं त्याच खांबाच्या लगवर ठेवा. आकडा व्होल्टच्या शंभराव्या हिश्शांत असला पाहिजे. ०.३ किंवा ०.५ दिसला तर इन्व्हर्टरला बॅटरीपेक्षा तेवढं कमी मिळतंय आणि तो आधीच कटऑफ घेतोय. पस्तीस अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे त्या एका जोडात सतरा-अठरा वॅट जळताहेत. हात जवळ नेला तरी ऊब लागते. लोड बंद करा, वायर सोडवा, पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, खांब घासून चकचकीत करा, घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावा. बऱ्याच घरांतली तक्रार इथेच मिटते.

चढाची नोंद: पैसे नाहीत, फक्त चिकाटी

वरचं सगळं नीट असूनही त्रास असेल तर वही घ्या. अशोक चौकाकडच्या एका शिलाई कारखान्यातली नोंद देतो. शाळेच्या गणवेशांचं काम, दोन मोटरच्या मशिनी, दोन पंखे आणि ट्यूबलाईट, मिळून साधारण ३५० वॅट. दीडशेची ट्युब्युलर बॅटरी, चार वर्षं जुनी. मालकांचं म्हणणं असं, "अहो, मीटर लावून बघितलं की मी. बारा पॉइंट चार दाखवतंय. बॅटरी चांगली हाय, इन्व्हर्टरमध्येच घोळ हाय." त्यांनी ते रीडिंग लाईट येऊन अर्धा तास चार्जिंग झाल्यावर घेतलं होतं.

मेन बंद करून पूर्ण लोड दिला. खांबावरचा व्होल्टेज पहिल्या मिनिटाला १२.०, दहाव्या मिनिटाला ११.४ आणि बाविसाव्या मिनिटाला १०.६ झाला. लगेच इन्व्हर्टर बंद पडला. वायर सोडवली आणि पुढे असं दिसलं:

- लगेच: ११.३०
- १ मिनिट: ११.५५
- १० मिनिटं: ११.८०
- ३० मिनिटं: ११.९२
- १ तास: ११.९७
- २ तास: १२.००
- ४ तास: १२.०१

यातून दोन गोष्टी वाचायच्या. सुरुवातीची उडी ०.७ व्होल्टची आहे. पस्तीस अँपिअरला एवढी उडी म्हणजे आतला रोध चांगल्या बॅटरीच्या कितीतरी वर गेलाय. जोड आधीच तपासलेले होते आणि मोजमाप खांबावरच होतं, म्हणून दोष बॅटरीच्या आत आहे हे ठरलं.

दुसरी गोष्ट चार तासांनंतरचा आकडा. पस्तीस अँपिअर बावीस मिनिटं म्हणजे जेमतेम तेरा अँपिअर-तास खर्च झाले, दीडशेचा दहावा भागही नाही. बॅटरी भरलेली असती आणि धड असती तर विश्रांतीनंतर १२.४ च्या वर स्थिरावली असती. ही १२.० वर थांबली. म्हणजे एकतर ती सुरुवातीलाच भरलेली नव्हती, नाहीतर तिची क्षमता गेलेली होती. यातलं कोणतं, हे फक्त व्होल्टेज सांगू शकत नाही.

एक सावधगिरी. नेटवरचे तक्ते बहुधा गाडीच्या बॅटरीचे असतात, पूर्ण भरल्यावर १२.७ वाले. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरमध्ये अॅसिड थोडं पातळ भरतात, म्हणून ती पूर्ण भरून आणि विसावून १२.५ ते १२.६ दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी असते आणि ११.८ च्या खाली रिकामी धरायची. गाडीचा तक्ता लावला तर भरलेली बॅटरीही अर्धवट वाटेल.

हायड्रोमीटर: इथून अॅसिडशी गाठ

हायड्रोमीटर अॅसिड किती जाड आहे, म्हणजे त्याची ग्रॅव्हिटी, मोजतो आणि काही शे रुपयांत मिळतो. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, बाजूला पाण्याची बादली आणि खाण्याचा सोडा ठेवा, जुने कपडे घाला. बॅटरीच्या सहा खणांपैकी प्रत्येकातलं अॅसिड ओढून आकडा लिहा आणि अॅसिड त्याच खणात परत सोडा. आपल्या उन्हाळ्यात बॅटरीही तापलेली असते, म्हणून एक दुरुस्ती करावी लागते: २७ अंशांच्या वर दर दहा अंशांना सात पॉइंट मिळवा. चाळीस अंशांच्या खोलीत ११६० दिसले तर ११६९ धरा.

त्या बॅटरीत दुरुस्तीनंतर पाच खण ११७० च्या आसपास होते आणि तिसरा १०९०. एक पडताळणी करून पाहा. ११७० म्हणजे १.१७ असं धरून ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की त्या खणाचा विसावलेला व्होल्टेज जवळपास मिळतो. पाच खणांचे २.०१ प्रमाणे १०.०५, तिसऱ्याचे १.९३, एकूण ११.९८. चार तासांनंतरचं रीडिंग १२.०१ होतं. दोन वेगळ्या साधनांचे आकडे जुळले म्हणजे थांबणं पुरेसं झालं होतं. पहिल्या मिनिटाचे ११.५५ या हिशोबात कुठेच बसत नाहीत.

नंतर बॅटरी रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस चार्ज केली, एक दिवस विसावू दिली. पाच खण १२४० वर आले, म्हणजे बॅटरी रोज अर्धपोटीच राहत होती. तिसरा मात्र ११५० च्या पुढे गेला नाही. विसावलेला व्होल्टेज आला १२.४.

मालकांचा आकडाही हाच होता. त्यांचा वरच्या चार्जचा होता, हा चोवीस तास थांबून आलेला, आणि तरीही बॅटरी निकामी! विसावलेलं रीडिंग सहा खणांची बेरीज सांगतं. त्यातला एक खण मेलेला आहे हे ते लपवतं. त्या एका खणात चार्ज आधी संपतो, लोडखाली तोच कोसळतो आणि बाकीच्या पाचांना घेऊन खाली येतो. लोड गेला की तोही सावरतो, म्हणून मीटरवर सगळं आलबेल दिसतं. खात्रीसाठी तोच ३५० वॅटचा लोड पुन्हा दिला. पस्तीसेक मिनिटांत कटऑफ आला. नवी असती तर अडीच-तीन तास चालली असती.

खणांमध्ये तीस पॉइंटपर्यंत फरक असेल तर लांब चार्जिंगनं तो भरून निघू शकतो, एकदा प्रयत्न करा. पूर्ण चार्जनंतरही पन्नासच्या वर राहिला तर तो खण गेला. त्यात वरून अॅसिड घालू नका. ग्रॅव्हिटी वाढलेली दिसेल, प्लेटा आणखी लवकर खराब होतील, आणि वॉरंटी असेल तर तीही जाईल.

कुठे थांबायचं

बॅटरी फुगली असेल, तडा गेला असेल, अॅसिड झिरपत असेल, चार्जिंगमध्ये हात लावू नये इतकी तापत असेल किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल तर मोजत बसू नका. वास किंवा उष्णता असेल तेव्हा मेन बंद करा, खोली मोकळी करा, दारं-खिडक्या उघडा आणि बॅटरीवाल्याला बोलवा. वायरीही स्वतः काढू नका.

चार तास विसावून व्होल्टेज साडेदहाच्या आसपासच अडकला असेल तर एक खण आत शॉर्ट झालाय. तिला पुन्हा चार्जिंगला लावू नका. बाकीच्या पाच खणांवर जादा व्होल्टेज पडतो आणि ते उकळतात.

खांबावर बारा व्होल्ट टिकून असताना, जोड गार असताना इन्व्हर्टर ट्रिप होत असेल तर दोष इन्व्हर्टरमध्ये आहे. तो घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका उरलेला असू शकतो. दोन किंवा चार बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील, जसं बऱ्याच दुकानांत आणि सोलरच्या जोडणीत असतं, तर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजण्यापुरतंच काम करा. वायरी सोडवायचं काम जाणकारावर सोपवा. लिथियम बॅटरीला तर यातलं फारसं लागूच होत नाही. तिचा व्होल्टेज लवकर स्थिर होतो, पण चार्ज बराच उतरला तरी जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून तिथे मीटरपेक्षा तिच्यावर नजर ठेवणाऱ्या आतल्या सर्किटचा, म्हणजे बीएमएसचा, आकडा पाहावा.

वॉरंटीत बॅटरी न्यायची असेल तर वहीचं ते पान सोबत न्या: लोड किती होता, कितव्या मिनिटाला कटऑफ आला, लोड काढल्यावर कोणत्या वेळेला कोणता आकडा होता, आणि सहा खणांची ग्रॅव्हिटी, तापमानासह. दुकानात नेईपर्यंत बॅटरी विसावलेली असते आणि काउंटरवरचा मीटर हमखास बारा व्होल्टच्या वर दाखवतो. तेव्हा त्यांना लोड टेस्टर लावायला सांगा किंवा सहाही खणांची ग्रॅव्हिटी तुमच्यासमोर घ्यायला लावा.